महागाई वाढली की सोनं वाढतंच?

“महागाईचा आकडा वाढला की सोनं वाढतंच, आजच घेऊन ठेवा.”

जळगावच्या सराफ बाजारात जाण्याआधी एवढं पाहा. सोन्याचा भाव बराचसा पुढच्या महागाईच्या अंदाजावर हलतो. धास्तीपोटी खरेदी आधीच होते. आकडा जाहीर होईपर्यंत ती भावात मुरलेली असते.

जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरवर गेलं. अमेरिकेतल्या महागाईने शिखर गाठलं मार्चमध्ये, सुमारे १४.८ टक्के. पण मार्चअखेर सोनं ६०० डॉलरच्या खाली होतं! महागाई रोखायला व्याजदर चढवले गेले होते, आणि सोन्यावर तर व्याज मिळत नाही.

पडताळायचं तर मासिक महागाई दर आणि सोन्याचा डॉलरमधला भाव शेजारी मांडा. रुपयातल्या भावात विनिमय दर आणि आयात शुल्कही मिसळलेलं असतं.