ओळख सरकणे (प्रतिमानिर्मिती)

ओळख सरकणे : प्रतिमानिर्मिती प्रणालीने तयार केलेले चित्र पुढच्या चित्रासाठी संदर्भ म्हणून दिले आणि त्यातून निघालेले पुन्हा पुढच्यासाठी वापरले, तर चित्रातील व्यक्ती हळूहळू मूळ व्यक्तीपासून दूर जाते. या क्रियेस ओळख सरकणे म्हणतात.

संज्ञा अलीकडची आहे. साधारणतः २०२२ मध्ये ड्रीमबूथसारख्या पद्धतींमुळे ३ ते ५ छायाचित्रांवरून एखाद्या व्यक्तीची नवी चित्रे काढणे शक्य झाले, त्यानंतर ती रुळली असावी. कल्पनेचे मूळ मात्र दोन ठिकाणी दाखवले जाते. काहींच्या मते हा चित्रफितीची प्रत, त्या प्रतीची प्रत काढताना होणाऱ्या घटीचाच प्रकार आहे. दुसरे मत ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांच्या १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांकडे बोट दाखवते. त्यांत प्रत्येकाने आधीच्याचे चित्र पाहून ते आठवणीने काढायचे होते. घुबडाच्या एका इजिप्शियन चिन्हाचे अशा साखळीत शेवटी मांजर झाले. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रतींच्या घटीत चित्र अंधूक होते. इथे ते शेवटपर्यंत स्वच्छ राहते, फक्त माणूस बदलतो.

तरीही घटीचा वाटा नाकारता येत नाही. स्टेबल डिफ्यूजन या प्रतिमानिर्मिती प्रणालीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ५१२ × ५१२ बिंदूंचे चित्र आधी ६४ × ६४ च्या जाळीत आक्रसले जाते. चेहरा चित्रात लहान असेल, तर तीळ किंवा बारीक व्रण या जाळीत टिकत नाही. चित्र पुन्हा मोठे होताना ती जागा प्रणाली आपल्या सवयीने भरते, आणि सवय म्हणजे असंख्य चेहऱ्यांतून शिकलेला सर्वसाधारण चेहरा. म्हणूनच सरकणे बहुधा एकाच दिशेला होते : त्वचा गुळगुळीत, नाक सरळ, दोन्ही डोळे सारखे, वय थोडे कमी.

समजा, एका स्त्रीच्या डाव्या भुवईत व्रण आहे आणि उजवी पापणी किंचित उतरलेली आहे. पहिल्या चित्रात व्रण पुसट होतो, पण पापणी शाबूत राहते. तेच चित्र संदर्भ म्हणून दिल्यावर पुसट व्रणाला प्रणाली भुवईचे विरळ केस समजते आणि भुवई भरून टाकते. चौथ्या चित्रापर्यंत पापणीही वर येते. शेजारशेजारची दोन चित्रे पाहिली तर फरक जाणवत नाही. पहिले आणि पाचवे जवळ ठेवले की बहिणी वाटतात. चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीच्या मोजमापात प्रत्येक चित्राचे आधीच्याशी साम्य ०.९ आले आणि चुका परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर पाच पायऱ्यांनंतर मुळाशी साम्य सुमारे ०.५९ उरते. चुका एकाच दिशेच्या असल्यास ते याहूनही घटते. त्यामुळे तुलना नेहमी मूळ छायाचित्राशीच करावी लागते. दोन्ही चित्रांतील डोळे एकमेकांवर जुळवून आलटूनपालटून दाखवले, की सरकलेली नाकपुडी किंवा हनुवटी लगेच हलताना दिसते.

सरकलेल्या चेहऱ्याला ‘नाक थोडे रुंद कर’ अशा सूचना देऊन परत आणता येत नाही. त्यातून तिसराच चेहरा निघतो. सीड, म्हणजे चित्राची यादृच्छिक सुरुवात ठरवणारा आकडा, तोच ठेवूनही उपयोग नाही, कारण संदर्भच बदललेला असतो. संवादातून चित्रे काढणाऱ्या साधनांत जुनी चित्रेही संदर्भात राहत असल्याने नवे सत्र उघडावे लागते. तिथे केवळ मूळ छायाचित्रे द्यायची : कॅमेऱ्यातून निघालेली, समोरून एक, तिरपी एक-दोन, शक्यतो एकाच वयातली. मधल्या चित्रातला पोशाख किंवा पार्श्वभूमी पसंत असेल, तर तिचे शब्दांत वर्णन करावे, किंवा ते चित्र चेहरा पूर्ण झाकून द्यावे. नुसता धूसर केलेला चेहरा ठेवणे धोक्याचे, कारण त्याची ठेवण तरीही पाझरते. यापुढे प्रत्येक नवे चित्र थेट मुळातूनच काढायचे. लोरा, म्हणजे ठरावीक चेहरा शिकवण्यासाठी मूळ प्रतिमानाला जोडायचा छोटा भाग, प्रशिक्षित केला असेल आणि त्याच्या प्रशिक्षणाच्या संचात निर्मित चित्रे शिरली असतील, तर ती काढून मूळ प्रतिमानापासून प्रशिक्षण नव्याने करावे. जुन्याच लोरावर पुढे शिकवल्यास चुकीचा चेहरा आतच राहतो.

‘मूळ’ कशाला म्हणायचे, इथे अनेकदा गफलत होते. जीएफपीजीएएन (२०२१) किंवा कोडफॉर्मर (२०२२) यांसारख्या साधनांनी उजळलेले जुने छायाचित्र मूळ नव्हे. त्यातील डोळ्यांचे आणि त्वचेचे तपशील बऱ्याच अंशी निर्मित असतात. फोनच्या सौंदर्य-फिल्टरमधून गेलेल्या फोटोलाही हेच लागू पडते.

पुन्हा सुरुवात केल्यावरही पहिल्या पायरीची तफावत उरतेच. मूळ छायाचित्रांत डावी बाजू कुठेच दिसत नसेल, तर तिथला चेहरा दर वेळी कल्पितच राहतो.