समुपदेशनातील गोपनीयता: कुठवर आणि कुठे नाही

फोंड्यासारख्या ठिकाणी कोण कुणाचा कोण हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यामुळे पहिल्याच बैठकीत बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "हे बाहेर जाणार नाही ना?" नाही जाणार. घरच्यांनी फोन केला तरी तुम्ही इथे येता की नाही, एवढेही आम्ही सांगत नाही.

मात्र मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेच्या हक्काला काही अपवाद आहेत. दुसऱ्या कुणाला इजा होण्यापासून वाचवायचे असेल, तर माहिती देता येते, तीही त्या धोक्यापुरतीच. आमच्या केंद्रात हाच नियम चालतो.

अवघड जाते ते अर्धवट बोलण्यापाशी. एक कल्पित प्रसंग घेऊ. बागायतीच्या वाटणीवरून भावाशी वाद असलेले गृहस्थ बोलता बोलता म्हणतात, "एक दिवस तो काजूत जाईल तो परत यायचा नाही." रागात माणूस काहीही बोलतो, आणि बहुतेक वेळा ते बोलण्यातच संपते. तेवढ्यावरून आम्ही पोलिसांना कळवले, तर ते गृहस्थ पुन्हा येणार नाहीत, आणि राग ओकायची त्यांची एकुलती जागाही जाईल. पण ऐकून न ऐकल्यासारखेही करता येत नाही.

म्हणून समुपदेशक तिथल्या तिथे सरळ विचारतो: म्हणजे काय करणार? कधी? पूर्वी हात उचलला होता? दारू किती होते? घरात हत्यार आहे? विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. "छे हो, वैतागून बोललो" असे उत्तर आले आणि बाकीचेही त्याला जुळले, तर गोष्ट खोलीतच राहते. पुढच्या बैठकीत पुन्हा विचारतो.

समजा, उत्तर आले की रानडुकरांसाठी घेतलेली परवान्याची बंदूक घरी आहे आणि भाऊ रोज सकाळी एकटा कुळागरात जातो. आता माणूस, साधन आणि वेळ तिन्ही ठरलेली आहेत. समुपदेशक नाव न घेता वरिष्ठांशी बोलतो आणि गृहस्थांना आधी त्यांच्याच हाताने बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतो. मेव्हण्याकडे ठेवणे चालत नाही, परवाना त्याच्या नावाचा नसतो. ते तयार नसतील, तर "मला आता कळवावे लागेल" हे शक्यतो त्यांच्यासमोरच सांगून पोलिसांना आणि भावाला कळवतो. कळवायचे ते धमकी, बंदूक आणि वेळ एवढेच. बायकोशी पटत नाही, झोपेच्या गोळ्या चालू आहेत, हे नाही. काय, कुणाला आणि का सांगितले याची नोंद फाइलमध्ये राहते. गृहस्थ ती मागून वाचू शकतात.

मुलावरील लैंगिक अत्याचाराची गोष्ट निराळी. ती कळली की पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावेच लागते. तिथे आमच्या अंदाजाला जागाच नाही.