राग आवरायला शिकवलं, पण मुलं शिकली का?

नागपूरमधील शाळांचे मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांच्यासाठी

आमच्या भावनिक-सामाजिक शिक्षणाच्या कार्यक्रमात पाचवीची मुलं मुख्यतः दोन गोष्टी शिकतात. राग आला की चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा आणि मग "मला राग आला, कारण..." हे वाक्य पूर्ण करायचं. दुसरी गोष्ट, समोरच्याला काय वाटलं असेल याचा अंदाज बांधून तो बरोबर आहे का, हे त्यालाच विचारायचं.

उपयोग झाला का, हे पाहायला बऱ्याच शाळा मुलांनाच प्रश्नावली देतात: "मी रागावर ताबा ठेवतो, पाचपैकी किती?" इथे फसगत होते. जुलैत मूल बिनधास्त चार लिहितं, कारण ताबा म्हणजे काय हेच त्याला माहीत नसतं. डिसेंबरपर्यंत ते स्वतःकडे नीट पाहू लागतं आणि तीन लिहितं. कागदावर घसरण दिसते, प्रत्यक्षात समज वाढलेली असते. म्हणून शेवटी आणखी एक प्रश्न विचारा: "आज मागे वळून पाहिलं, तर जुलैत स्वतःला किती दिले असते?"

याहून भरवशाचं म्हणजे मोजणी. मधल्या सुट्टीनंतर शिक्षकांपर्यंत आलेली भांडणं रोज वहीत रेघ मारून नोंदवायची, जुलैत दोन आठवडे आणि डिसेंबरमध्ये दोन आठवडे. भांडण कशाला म्हणायचं, हे आधी ठरवा. नाहीतर एक बाई ढकलाढकली मोजतील, दुसऱ्या चिडवणंही मोजतील.

समजा, 'अ' तुकडीत कार्यक्रम झाला आणि भांडणं 14 वरून 8 वर आली. सहा कमी झाली म्हणून लगेच खूश होऊ नका. कार्यक्रम न झालेल्या 'ब' तुकडीतही ती 13 वरून 10 वर आली असतील, कारण जूनअखेर शाळा उघडल्यावर नव्या तुकडीतली मुलं हळूहळू एकमेकांना सरावतात. म्हणजे कार्यक्रमाच्या खात्यावर फार तर तीनच. दोनच तुकड्या असताना तीनचा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून पुढच्या वर्षीही मोजा. 'ब'ला वंचित ठेवायचं नाही, दुसऱ्या सत्रात त्यांनाही कार्यक्रम मिळेलच. जुलैची तुलना एप्रिलशी मात्र करू नका. आपल्या उन्हात मुलं तशीच चिडचिडी होतात.

फरक दिसला नाही, तर आधी तासिकांची नोंद काढा. 2011 साली 213 कार्यक्रमांचा एकत्रित अभ्यास झाला. अंमलबजावणीत अडचणी आल्या तिथे परिणाम कमी दिसले, असं त्यात आढळलं. आपल्याकडे ही तासिका स्नेहसंमेलनाच्या तालमीत किंवा घटक चाचणीत जाते. दुसरी चूक बारीक, पण आम्हाला जास्त बोचते: दंगा करणाऱ्याला "जा, कोपऱ्यात श्वास घे" म्हणणं. श्वास एकदा शिक्षा झाला की मूल तो स्वतःहून कधीच घेत नाही.

भांडणांच्या वहीत मुलांची नावं लिहू नका. मोजायचा आहे तो कार्यक्रम. वही आणि नोंदतक्ता आम्ही देतो, शाळेने फक्त मोजणाऱ्या दोन शिक्षिका वर्षभर बदलू नयेत.