प्रबंध जोडायचा तर शेवटापासून

१९७२ मध्ये जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शिया जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना कपडे धुण्याच्या कृतीचे वर्णन ऐकवले. वर्णन अगदी बरोबर होते, पण त्यात ‘कपडे’ हा शब्दच नव्हता. विषय आधी सांगितलेल्यांना त्यातले जवळपास दुप्पट आठवले. विषय नंतर सांगितलेल्यांना मात्र, अजिबात न सांगितलेल्यांपेक्षा जास्त काही आठवले नाही. वाचून झाल्यावर मिळालेला संदर्भ उशिराचा ठरतो, आणि अडीचशे पानांचा प्रबंध वाचणाऱ्या परीक्षकाचे नेमके हेच होते.

समजा, बेळगाव जिल्ह्यातल्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध रायबाग-अथणी पट्ट्यातल्या ऊसशेतीवर आणि क्षारपड जमिनीवर आहे. तिसऱ्या प्रकरणात मातीची तपासणी, चौथ्यात विहिरींची पाणीपातळी, पाचव्यात शेतकऱ्यांच्या मुलाखती. प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे चांगले आहे, तरी मार्गदर्शकांचा शेरा येतो, ‘सलगता नाही.’ मग विद्यार्थी प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला ‘प्रस्तुत प्रकरणात मातीच्या तपासणीचा आढावा घेतला आहे’ असे वाक्य घालतो. हे तर अनुक्रमणिकेतही होते. परीक्षकाला नवे काहीच कळले नाही.

काम उलट्या क्रमाने करावे. आधी लिहिलेला मजकूर वाचत प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एक ओळ लिहायची: हा परिच्छेद काय सिद्ध करतो? ज्याची ओळ लिहिता येत नाही, तो परिच्छेद जागा चुकलेला किंवा अनावश्यक असतो. त्याला दुवा जोडून भागत नाही, तो हलवावा लागतो. मग प्रत्येक प्रकरणासाठी एक प्रश्न आणि एक उत्तर लिहायचे. हे झाल्यावर समारोप, मग प्रकरणांमधले दुवे आणि सगळ्यात शेवटी प्रकरणांच्या सुरुवातीचे आराखडे. आराखडे आधी लिहिले तर ते संशोधन आराखड्याच्या काळातली आश्वासने देत राहतात, आणि प्रकरण मधल्या काळात भलतीकडे गेलेले असते.

समारोपात सर्वाधिक चूक होते ती प्रकरणवार सारांश देण्याची. तिथे प्रकरणांचे पुरावे एकमेकांसमोर आणायचे असतात. त्यासाठी एक तक्ता करावा: आडव्या ओळींत शेते, उभ्या रकान्यांत माती, पाणी आणि मुलाखती. आपल्या उदाहरणात बहुतेक सखल शेतांत पाणी दीड मीटरच्या आत आणि मातीची विद्युतवाहकता प्रतिमीटर ४ डेसिसिमेन्सच्या वर, म्हणजे क्षारयुक्त. पाणी केशाकर्षणाने वर चढते, वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. पण समजा चार शेतांत पाणी तितकेच वर असूनही माती चांगली निघाली. एकट्या चौथ्या प्रकरणात ही विसंगती वाटते. पाचव्यात मात्र त्याच शेतकऱ्यांनी सांगितले आहे की त्यांचे चर जानेवारीपर्यंत पाणी ओढ्याला काढून देतात. विहिरी मोजल्या होत्या ऑक्टोबरमध्ये. बाष्पीभवन जोरात असते त्या उन्हाळ्यात पाणी कदाचित खाली गेलेले असेल. हे दोन प्रकरणे जोडल्यावरच दिसते, म्हणून ते समारोपातच लिहायचे. उन्हाळ्यातली मोजणी नसल्याने तिथे ‘कदाचित’ हा शब्दही ठेवायचा.

आता चौथ्या-पाचव्या प्रकरणातला दुवा सहज सुचतो: ‘पाणी वर असलेल्या बहुतेक शेतांत क्षार साचले, पण चार शेतांत नाही. पातळीच्या आकड्यांवरून हा फरक उलगडत नाही. म्हणून पुढे या शेतांतल्या निचऱ्याच्या पद्धती पाहू.’ काय सापडले, काय उरले, म्हणून पुढे काय, एवढ्यासाठी तीन ते पाच वाक्ये पुरेत. दुवा पानभर लांबला तर त्यात बहुधा नवा युक्तिवाद शिरलेला असतो. तो प्रकरणाच्या पोटात न्यावा.

प्रकरणाचा आराखडा चाळीस पानांसाठी साधारण दीडशे शब्दांचा असावा: प्रश्न, तो कुठून आला, विभागांचा क्रम आणि तोच क्रम का. या ‘का’शिवाय ती नुसती यादी होते. दोन-तीन पानांच्या उपविभागांना वेगळा आराखडा नको; दर पानावर ‘पुढे पाहू’ आले की वाचक ते ओलांडून जातो.

‘प्रकरण ४.२ पाहा’ असे आकडे हाताने टाइप करू नयेत. एक विभाग हलला की सगळे चुकतात. Word मध्ये References खालच्या Cross-reference ने ते घालावेत आणि छपाईआधी Ctrl+A, मग F9 दाबावे. तळटीपांतले संदर्भ यातून सुटतात. तळटिपेत जाऊन हेच पुन्हा करावे.

शेवटी आराखडे, दुवे आणि समारोप एवढाच मजकूर वेगळ्या फाइलमध्ये काढून दुसऱ्या विषयाच्या मित्राला द्यावा. त्याला प्रबंधाचा दावा आणि त्या चार शेतांचे कोडे सांगता आले नाही, तर तो जिथे अडला त्याच्या आधीचा दुवा पुन्हा लिहावा.