रिफंड वेगळा, तक्रार वेगळी

घरून लोणची-मसाले विकणाऱ्या बऱ्याच जणी रिफंड आणि तक्रार एकच समजतात, मीपण तेच समजायचे. गिऱ्हाईक ओरडलं, पैसे परत केले, विषय संपला. पण रिफंड हा त्या एका गिऱ्हाईकाचा हिशोब असतो आणि तक्रार ही आपल्या मालाबद्दलची बातमी असते, आणि मी पहिल्यावरच थांबले तिथे चुकले.

झालं असं की कैरीच्या लोणच्याच्या ४० बरण्या भरल्या होत्या, अर्धा किलोची बरणी २८० रुपये आणि कुरियर ७०. एका ताईंनी फोटो पाठवला, वर पांढरी बुरशी. मी लगेच २८० परत केले. त्या म्हणाल्या, "अहो, कुरियरचे ७० पण मीच भरलेत की, माल तुमचा खराब निघाला ना?" बरोबरच होतं त्यांचं. आवडलं नाही म्हणून परत करायचं असेल तर घ्यायचं की नाही, कुरियर कोणी भरायचं, हे आपण ठरवू शकतो, आधी स्पष्ट लिहिलं असलं म्हणजे झालं. पण माल खराब निघाला तर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं बिलावर छापून सुटता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, बिलावर मुदत दिली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. म्हणून आता खराब मालाला पूर्ण ३५० देते, ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने, आणि बरणी परत मागवत नाही कारण परतीचं कुरियर पण मलाच पडणार आणि ते लोणचं माझ्या कामाचं नाही, फक्त फोटो हवा.

बऱ्याच जणी 'पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर रिफंड नाही' असं लिहितात. फुटलेल्या बरणीला ते ठीक आहे, पण बुरशी दहा-पंधरा दिवसांनी दिसते, पार्सल उघडताना बरणी छानच असते, तेव्हा त्या व्हिडिओत काय दिसणार? त्यापेक्षा मी तीन फोटो मागते, लेबल (बॅच नंबर दिसेल असं), झाकण आणि वरचा थर.

रिफंड इथे संपला आणि मी पण तिथेच थांबले. चार दिवसांनी आणखी दोन फोटो आले. तेव्हा वही काढली, तर तिन्ही बरण्या दुसऱ्या दिवशी भरलेल्या, त्या दिवशी तेल कमी पडलं होतं आणि मी 'चालेल' म्हणून भरून टाकल्या होत्या. फोडी तेलाच्या वर राहिल्या की त्यांना हवा लागते आणि तिथेच बुरशी धरते. फोटोतून हे ओळखता येतं, पांढरा थर फक्त वर आलेल्या फोडींवर असेल तर तेल कमी, बुडबुडे येऊन झाकण फुगलं असेल तर लोणचं आंबतंय, बरणी ओली राहिली होती किंवा मीठ कमी पडलं होतं का ते बघायचं, आणि एकाच बरणीतून तेल गळलं असेल तर बहुतेक झाकण नीट बसलं नव्हतं किंवा कुरियरचा दणका बसला. पहिल्या फोटोवरच हे वाचलं असतं तर चार दिवस वाचले असते.

त्या दिवशीच्या १४ बरण्या होत्या. ३ ची तक्रार आलेली, ५ घरात, ६ लोकांकडे. त्या सहा जणांनी काहीच म्हटलं नव्हतं तरी मेसेज केला, की बुरशी नुसती वरून काढून खाऊ नका, बरणी टाकून द्या, पैसे पाठवतेय. सहापैकी दोघांकडे खरंच बुरशी निघाली, चौघांची बरणी ठीक होती, पण पैसे सगळ्यांना दिले. नऊ जणांचे मिळून ३१५० गेले. घरातल्या पाच फेकल्या.

आता पॉलिसीत दोन वेगळे परिच्छेद आहेत. रिफंडच्या परिच्छेदात किती पैसे, कुठल्या मार्गाने आणि कधीपर्यंत एवढंच, गेटवेवरून पैसे खात्यात दिसायला पाच-सात कामाचे दिवस लागू शकतात हे पण आधीच लिहिलंय, नाहीतर रोज 'आले नाहीत' असे मेसेज येतात. तक्रारीच्या परिच्छेदात नंबर माझा आणि ४८ तासांत पोच, एका महिन्याच्या आत निकाल, ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांत हीच मुदत आहे. पण लोणच्याला महिना फार होतो, मी फोटो आल्या दिवशीच बॅच बघते आणि त्या बॅचची विक्री थांबवते, कारण सापडेपर्यंत.

वहीत एक रकाना वाढवलाय, 'अजून कोणाकडे गेलं?' रिफंड दिला तरी तो रकाना भरेपर्यंत तक्रार बंद करत नाही.