एकूण टक्का फसवतो तेव्हा

‘मुतखड्याला दुर्बिणीचं ऑपरेशन 83 टक्के यशस्वी, उघडं 78. मग दुर्बिणीचंच सरस ना?’ (निपाणीचे एक काका)

तसं नाही, काका. आकडे 1986 साली छापलेल्या ब्रिटिश अभ्यासातले आहेत, दोन्हीकडे 350 रुग्ण. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान खड्यांत उघडं ऑपरेशन 87पैकी 81 जणांत यशस्वी झालं, दुर्बिणीचं 270पैकी 234 जणांत. म्हणजे 93 विरुद्ध 87 टक्के. मोठ्या खड्यांत 263पैकी 192 आणि 80पैकी 55. तिथंही 73 विरुद्ध 69. दोन्हीकडे उघडंच पुढे!

गोम वाटणीत आहे. मोठे, अवघड खडे बहुतेक उघड्या ऑपरेशनच्या वाट्याला आले आणि त्यांनी त्याची सरासरी खाली ओढली. मात्र या जुन्या आकड्यांवरून बेळगावात आज ऑपरेशन निवडू नका. तंत्र केव्हाच बदललंय.