चित्रीकरणाचे परवानगीपत्र आणि संमतिपत्र

बाजारात किंवा कुणाच्या घरात चित्रीकरण करण्याआधी लागणारी कागदपत्रे दोन प्रकारची असतात. परवानगीपत्रामुळे युनिटला ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी काम करता येते. संमतिपत्रामुळे, म्हणजे चित्रपट व्यवसायातल्या बोलीत ‘रिलीज’मुळे, तिथे टिपलेला चेहरा, आवाज किंवा वास्तू पुढे दाखवता येते. पहिल्याचे काम पॅकअपबरोबर संपते, दुसऱ्याचे चित्रपट दाखवला जात असेपर्यंत चालू राहते. बहुतेक अडचणी एक कागद हाती आला की दुसरा मिळालाच असे धरून चालल्यामुळे येतात. त्या चित्रीकरणाच्या दिवशी कळत नाहीत. वितरक किंवा विमा कंपनी कागद मागते तेव्हा कळतात.

एका माहितीपटातला प्रसंग घेऊ. एक बाई भाड्याच्या घरातून निघते, खालच्या बाजारात जाते आणि भाजीवाल्याशी बोलते.

घराच्या बाबतीत पहिला प्रश्न सही कोणाची, हा. राहणारी बाई भाडेकरू असल्याने तिची सही लागते, कारण घराचा ताबा तिच्याकडे आहे. पण व्यावसायिक चित्रीकरणाला मालकाची लेखी हरकत नाही, हेही लागते. मालकी दोघांची असेल तर दोघांची सही, किंवा एकाने दुसऱ्याला दिलेले अधिकारपत्र. जिना, लिफ्ट, गच्ची आणि वाहनतळ हा सामाईक भाग आहे, त्यासाठी इमारतीच्या व्यवस्थापनाचे वेगळे पत्र घ्यावे. हे पत्र सर्वांत जास्त वेळा राहून जाते, आणि मग दिव्यांचे स्टँड जिन्यातच अडकतात.

घराच्या करारात तारीख लिहिताना सामान आत आणण्याचा आणि आवरण्याचा वेळही धरावा. चित्रीकरण 8 ते 6 असेल तर ताबा 6 ते 8 असा, म्हणजे सकाळी दोन तास आधीपासून संध्याकाळी दोन तास नंतरपर्यंत मागावा. कोणत्या खोल्या वापरणार, माणसे किती, वीज घरातली की जनरेटरची, फर्निचर हलवणार का, हे स्पष्ट असावे. पॅचवर्कसाठी, म्हणजे राहिलेले शॉट घ्यायला, पुन्हा यावे लागले तर तो हक्क आधीच लिहून ठेवावा; प्रसंग अर्धा झाल्यावर तो मागायला गेले की वाटाघाटीचे पारडे दुसरीकडे झुकलेले असते. आत शिरण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे फोटो काढून ते कराराला जोडावेत. भिंतीवरचा ओरखडा जुना की नवा, हा वाद त्याने मिटतो. पत्ता दाखवायचा नसेल तर दारावरची पाटी झाकण्याची अटही इथेच येते.

घरमालकाला जे देता येत नाही, ते त्याच्या सहीने मिळत नाही. भिंतीवरचे चित्र त्याने विकत घेतलेले असले तरी त्याचा स्वामित्वहक्क सहसा चित्रकाराकडेच असतो. असे चित्र स्पष्ट दिसणार असेल तर ते उतरवणे सोपे.

बाजारात जागेची परवानगी तो चालवणारी संस्था देते. रस्ता अडणार असेल तर वाहतुकीची परवानगी वेगळी, ड्रोनचीही वेगळी. अर्जात कॅमेरा हातात की ट्रायपॉडवर, ट्रॉलीचे रूळ टाकणार का, हे खरे लिहावे, कारण वाट अडते का, हाच अधिकाऱ्याचा मुख्य प्रश्न असतो. पत्राची प्रत कॅमेऱ्याजवळच्या माणसाच्या खिशात हवी. गाडीत ठेवलेली प्रत उपयोगी पडत नाही.

गर्दीतल्या प्रत्येकाची सही घेणे शक्य नसते. म्हणून प्रवेशाच्या सर्व वाटांवर चित्रीकरण चालू असल्याची, वेळ आणि संपर्क दिलेली सूचना लावतात, आणि ती लावलेली दिसेल असा शॉट घेऊन ठेवतात. ही सूचना ओझरत्या चेहऱ्यांपुरतीच ठीक. भाजीवाला बोलतो, कॅमेरा त्याच्यावर थांबतो. त्याचे वैयक्तिक संमतिपत्र लागतेच. शेजारी त्याचा लहान मुलगा ओळखू येत असेल तर पालक म्हणून सही कोण करतो, ते नातेही लिहून घ्यावे.

संमतिपत्र एक पानाचे, सही करणाऱ्याच्या भाषेत आणि वाचून दाखवलेले असावे. चित्रपटाचे कामचलाऊ नाव, निर्माता, चेहरा व आवाज संपादित करून वापरण्याची मुभा, कोणत्या माध्यमांत, कोणत्या प्रदेशात, किती काळ, मोबदला आहे की नाही, तारीख आणि सही, इतके पुरते. फक्त ‘चित्रपटगृहात’ असे लिहिले तर तोच तुकडा जाहिरातीच्या झलकेत किंवा इंटरनेटवर वापरता येत नाही. सही शॉट झाल्यावर, पण जागा सोडण्याआधी घ्यावी: तोवर आपण काय बोललो हे त्या माणसाला ठाऊक असते. भरलेला कागद हातात धरलेला त्याचा फोटो काढावा. संकलनाच्या वेळी चाळीस कागदांतून कोणता चेहरा कोणाचा, हे त्याशिवाय जुळत नाही.

आता उरते शेजारच्या दुकानात वाजणारे गाणे. भाजीवाल्याच्या संवादात ते मिसळले की नंतर वेगळे काढणे अवघड, आणि त्याचा परवाना दुकानदार देऊ शकत नाही. शॉटपुरते बंद करण्याची विनंती रेकीच्या वेळी, म्हणजे जागा आधी पाहायला जातानाच, करून ठेवावी.